दुरुस्तीत वाचवलेले विजेत जाते: अंदाजपत्रक समितीस खुले पत्र

अंदाजपत्रक समितीचे माननीय सदस्य आणि वित्त विभागातील अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पाणीपुरवठा करणाऱ्या एका सार्वजनिक कार्यालयाच्या लेखा शाखेतून निवृत्त झालो. आपल्याकडे दरवर्षी येणाऱ्या अंदाजपत्रकाला एक परिशिष्ट जोडलेले असते. त्यात कामांची उद्दिष्टे, साध्य झालेले आकडे आणि 'अपेक्षित फलनिष्पत्ती' असे रकाने असतात. हे परिशिष्ट कसे तयार होते ते मला ठाऊक आहे, कारण कित्येक वर्षे ते मीच तयार केले. आधी मूळ अंदाजपत्रक पूर्ण होई, तरतुदी ठरत, बेरजा जुळत. मग शेवटच्या दोन रात्री बसून गेल्या वर्षीच्या उद्दिष्टांत पाच टक्के मिळवायचे आणि रकाने भरायचे. त्या आकड्यांवरून आपण कधी एक प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. विचारला असता तर उत्तर देताना माझी तारांबळ उडाली असती, हेही कबूल करतो.

हे पत्र त्या परिशिष्टाबद्दल आहे. माझे म्हणणे असे की, पैशाचे कुलूप, म्हणजे एका बाबीचा पैसा दुसऱ्या बाबीवर खर्चू न देणारी मर्यादा, ज्या जागी आहे ती जागा बदलली नाही तर कार्यक्रम अंदाजपत्रक काय आणि फलनिष्पत्ती अंदाजपत्रक काय, दोन्ही कागदच राहतात. कुलूप सगळीकडे काढा, असे मात्र मी म्हणत नाही.

आपल्या ओळखीच्या बाबनिहाय अंदाजपत्रकापासून सुरुवात करतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, चलन कुठलेही माना. एका पाणीपुरवठा कार्यालयाचा वर्षाचा खर्च १,००० लाख आहे. त्यात वेतन ५२०, वीज २६०, रसायने ४०, देखभाल-दुरुस्ती ९०, वाहने व इंधन ३०, कार्यालयीन खर्च २५ आणि इतर ३५. आपल्यासमोर येते ते एवढेच, सोबत गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च आणि चालू वर्षाचा सुधारित अंदाज. आता आपल्याला काटकसर करायची आहे. वेतनाला हात लावता येत नाही. विजेचे बिल भरावेच लागते. रसायनांत कपात केली तर उद्या रोगराईचे खापर आपल्या डोक्यावर फुटेल. उरते देखभाल-दुरुस्ती. तिथे दहा टक्के कपात होते, ९० चे ८१ होतात, आणि सभेच्या इतिवृत्तात '९ लाखांची बचत' असे लिहिले जाते.

हे कार्यालय वर्षाला १०० लाख घनमीटर पाणी उचलते आणि त्यातले ६२ लाख लोकांपर्यंत पोहोचते. उरलेले ३८ गळतीत जाते. दुरुस्तीची तरतूद कमी झाल्यावर ही गळती ३८ वरून ४० टक्क्यांवर गेली असे समजू. लोकांना तेवढेच ६२ लाख घनमीटर द्यायचे तर आता १०३ लाखांहून थोडे जास्त पाणी उचलावे लागेल. विजेच्या बिलातला साधारण पाचवा भाग स्थिर आकाराचा मानला, तर उचललेल्या पाण्याबरोबर वाढणारा खर्च विजेचे २०८ आणि रसायनांचे ४० मिळून २४८ लाख होतो. त्यात सव्वातीन टक्क्यांच्या आसपास वाढ म्हणजे ८ लाखांवर रक्कम. नऊ वाचवले आणि आठ गेले. वाचलेले नऊ एकाच वर्षाचे होते, आठ मात्र दर वर्षी जाणार, कारण फुटलेली नळी आपोआप सांधत नाही.

बाबनिहाय अंदाजपत्रकात हा संबंध कुठेच दिसत नाही. पुढच्या वर्षी विजेची मागणी वाढलेली दिसते, कार्यालय 'दरवाढीमुळे' असा शेरा मारते, आपण ती मान्य करता. कुणी खोटे बोललेले नसते. फक्त दुरुस्ती एका ओळीत असते आणि तिचा परिणाम दुसऱ्या ओळीत.

तरीही बाबनिहाय अंदाजपत्रकाला मी नावे ठेवणार नाही. ते कुणी आळसापोटी शोधलेले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये ब्युरो ऑफ म्युनिसिपल रिसर्च या संस्थेने त्याचा आग्रह धरला, तेव्हा नगरपालिकांचा पैसा ठोक रकमांत मंजूर होई आणि कुठे गेला ते कळत नसे. प्रत्येक बाब वेगळी लिहा, प्रत्येक बाबीला मर्यादा घाला आणि त्या मर्यादेबाहेर गेलेल्याला जाब विचारा, ही त्यावरची दवा होती. ती लागू पडली. ज्या कार्यालयात पाइप प्रत्यक्ष आले का, आणि पगारपत्रकावरचा माणूस खरेच कामावर आहे का, याचीच खात्री नाही, तिथे ही दवा बंद करून चालत नाही. अंदाजपत्रकाचे अभ्यासक अ‍ॅलन शिक यांनी १९९८ मध्ये विकसनशील देशांना नेमका हाच इशारा दिला होता. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने मंजुरी बाबींवरून काढून निष्पत्तीवर नेली आणि खर्च कशावर करायचा हे खातेप्रमुखांवर सोपवले. शिक म्हणाले, ज्यांना अजून कामात घातला जाणारा पैसा आणि माणसे यांच्यावरच नियम पाळून नियंत्रण ठेवता येत नाही, त्यांनी थेट तिथे उडी मारू नये. मला हे पटते. त्यामुळेच माझी मागणी लहान आहे.

आता कार्यक्रम अंदाजपत्रक. हे नाव, म्हणजे परफॉर्मन्स बजेट, रूढ झाले ते अमेरिकेतल्या हूवर आयोगाच्या १९४९ च्या अहवालामुळे. कल्पना साधी: काय विकत घेतले ते सांगण्याऐवजी कोणते काम केले ते सांगा, आणि त्या कामाला किती खर्च आला तेही. आमच्या कार्यालयात त्यासाठी खर्च कामांमध्ये वाटावा लागतो. पाणी उचलणे, शुद्धीकरण, वितरण व गळती दुरुस्ती, मीटर व बिले, प्रशासन. एका बाजूला ही कामे, दुसऱ्या बाजूला जुन्या बाबी, असा चौकटींचा तक्ता होतो. वीज जवळपास सगळी पहिल्या कामात जाते, रसायने दुसऱ्यात. खरी अडचण वेतनाची. तोच जोडारी सकाळी झडपा फिरवतो, दुपारी गळती सांधतो आणि बिलांच्या मोसमात मीटर वाचायला जातो. त्याचे वेतन कुठे टाकायचे?

बहुतेक ठिकाणी याचे उत्तर टेबलावर बसून दिले जाते: वीस टक्के इथे, तीस टक्के तिथे. हे टक्के एकदा ठरले की दहा वर्षे तेच राहतात. आपल्याला हे ओळखायचे असेल तर सोपी खूण सांगतो. लागोपाठ तीन वर्षांच्या तक्त्यांत वेतनाची वाटणी एकाच प्रमाणात दिसली, तर ती मोजलेली नाही, अंदाजाने लिहिलेली आहे. बरे, मोजणी फार कठीणही नाही. दर तिमाहीत दोन आठवडे प्रत्येक जोडाऱ्याने कोणत्या कामावर किती तास घालवले एवढी नोंद ठेवली तरी वर्षाचे चित्र पुरेसे खरे येते. पर्यवेक्षकांना हे आवडत नाही, कारण काही जोडारी वर्षभर कुणाच्या तरी गाडीवर चालक म्हणून असल्याचे त्यातून बाहेर येते.

समजा मोजणी झाली. गळती दुरुस्तीच्या कामात वेतनाचे १०४ लाख, दुरुस्ती साहित्य व कंत्राटांचे ६०, वाहनांचे १८ आणि इतर ८, मिळून १९० लाख. वर्षात ३,८०० गळत्या सांधल्या. म्हणजे एका गळतीला सरासरी ५,००० खर्च. हा आकडा बाबनिहाय अंदाजपत्रकात कधीच सापडला नसता आणि तो उपयोगाचा आहे. शेजारच्या विभागात तोच आकडा ८,००० असेल तर का, हे विचारता येते. उत्तर खोल गाडलेल्या नळ्या असे असू शकते, तीन कोटेशनांच्या सक्तीमुळे जोडसाहित्य उशिरा आणि महाग मिळते असेही असू शकते.

इथेच मोठी चूक होते, आणि ती आपल्या बाजूने होते म्हणून स्पष्ट लिहितो. सरासरी खर्च हातात आला की समिती तो उद्दिष्टाने गुणते. पुढच्या वर्षी ४,५०० गळत्या सांधायच्या, म्हणून ७०० गुणिले ५,०००, म्हणजे ३५ लाख जास्त द्यायचे. प्रत्यक्षात जास्तीच्या गळत्यांसाठी नवे जोडारी नेमले जाणार नसतील तर वाढतात ती साहित्य आणि वाहने, म्हणजे ७८ लाख भागिले ३,८००, गळतीमागे दोन हजारांहून थोडे जास्त. ७०० गळत्यांना साधारण साडेचौदा लाख पुरतात. जास्त दिले ही चूक तरी परवडते. उलटी चूक घातक असते. काटकसरीच्या वर्षी उद्दिष्ट ७०० ने कमी केले आणि त्या हिशेबाने ३५ लाख कापले, तर वेतन तसेच राहते, सगळा घाव साहित्य आणि वाहनांवर बसतो. ७८ चे ४३ होतात. मग पूर्ण पगार घेणारी माणसे जोडसाहित्याची वाट पाहत भांडारासमोर बसून राहतात. गळत्या ७०० ने कमी सांधल्या जायच्या होत्या, त्या जवळपास निम्म्याने कमी होतात. सरासरी खर्च तुलनेसाठी घ्यावा. कपात किंवा वाढ ठरवायची असेल तर कामाबरोबर बदलणारा खर्च वेगळा मागावा.

दुसरा घोटाळा कार्यालयाच्या बाजूचा. मोजणी गळत्यांच्या संख्येची आहे म्हटल्यावर संख्या वाढते. एक वर्ष असे आले की गळत्या ३,८०० वरून ५,००० झाल्या, खर्च तोच, सरासरी ५,००० वरून ३,८०० वर उतरली. परिशिष्टात ही उत्तम कामगिरी दिसली. पाणी मात्र पूर्वीपेक्षा जास्त वाया जात होते. दोन गोष्टी घडल्या होत्या. घराजवळच्या बारीक नळांची ठिबक सांधणे सोपे, अर्ध्या तासाचे काम. मुख्य नळीची गळती शोधायलाच रात्र जाते, तीही एकच मोजली जाते. त्यामुळे माणसे सोप्या कामाकडे वळली. शिवाय तीच जागा जुन्या रबराने बांधली, महिन्यात पुन्हा फुटली, पुन्हा बांधली, तर नोंदवहीत तीन गळत्या. वाईट काम करणाऱ्याची संख्या चांगली दिसते, असे हे उलटे शास्त्र.

हे पकडायला दोन साधने पुरतात. पहिले, नव्वद दिवसांच्या आत त्याच जागी झालेली पुन्हा दुरुस्ती वेगळी मोजायची. दुसरे त्याहून पक्के. शहराचा एक भाग झडपांनी वेगळा करून त्याच्या तोंडाशी मोठा मीटर बसवायचा आणि रात्री दोन ते चारच्या दरम्यान किती पाणी आत जाते ते पाहायचे. त्या वेळी लोक झोपलेले असतात, वापर नगण्य असतो, म्हणून तो प्रवाह बहुतांशी गळतीचाच. आमच्या शाखेत याला 'रात्रीचा किमान प्रवाह' म्हणत. अर्थात पाणी चोवीस तास दाबाखाली असेल तरच हे जमते. जिथे ते ठरावीक तासच सोडतात, तिथे चाचणीपुरता एखाद्या रात्री त्या भागात दाब कायम ठेवावा लागतो आणि घरांच्या टाक्या आधी भरून झाल्याची खात्री करावी लागते, नाही तर टाकीत जाणारे पाणी गळतीत मोजले जाते. सांधलेल्या गळत्या वाढल्या आणि रात्रीचा प्रवाह उतरला नाही, तर मोजणीत खोट आहे किंवा काम चुकीच्या जागी चालले आहे. दोन्ही आकडे आपल्यासमोर शेजारी शेजारी आले पाहिजेत.

रात्रीचा प्रवाह ही मात्र कामाची मोजणी नव्हे, ते फळ आहे. इथून फलनिष्पत्ती अंदाजपत्रक सुरू होते. त्याचा दावा असा की गळत्या सांधणे हे साध्य नव्हे. लोकांना पुरेसे, शुद्ध पाणी मिळणे हे साध्य, आणि पैसा त्यासाठी आहे. दाव्याशी भांडण नाही. अडचण अशी की फळ जितके दूरचे घ्याल तितके ते आमच्या हातातून निसटते. आमच्या परिशिष्टात कुणीतरी 'जलजन्य आजारांत घट' असा रकाना घातला होता. आजार कमी होणे पाण्यावर अवलंबून असते, तसे मलनिस्सारणावर, पावसावर, लोकांच्या सवयींवर आणि दवाखान्यांत नोंद नीट होते की नाही यावरही. नोंद सुधारली तर आजार वाढल्यासारखे दिसतात. एका वर्षी आजार घटले तेव्हा आम्ही श्रेय घेतले, पुढच्या वर्षी वाढले तेव्हा 'अतिवृष्टीमुळे' लिहिले. दोन्ही वर्षी आमचे काम सारखेच होते.

फळे एकमेकांविरुद्धही जातात, आणि हे पाणीपुरवठ्याबाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. नळ्यांत पाणी जितका वेळ दाबाखाली असते तितका वेळ गळते. दोन तासांचा पुरवठा चार तासांवर नेला, तर नळ्या त्याच असताना वाया जाणारे पाणी वाढते. पुरवठ्याचे तास हेही फळ, गळती कमी होणे हेही फळ. एक सुधारले की दुसरे बिघडते. म्हणून जाणकार गळती नुसत्या टक्क्यांत मोजत नाहीत. दर जोडणीमागे दिवसाला किती लिटर, आणि तेही नळी किती तास दाबाखाली होती हे धरून, असे मोजतात. टक्क्यांत मोजले तर आणखी एक गंमत होते: लोकांचा वापर वाढला की नळ्यांना कुणी हात न लावता गळतीचा टक्का आपोआप उतरतो. आपल्या परिशिष्टात मात्र टक्काच असतो, कारण तो समजायला सोपा.

मग वाईट फळ दिसले की काय करायचे? अमेरिकेत २००२ पासून काही वर्षे सरकारी कार्यक्रमांना प्रश्नावली देऊन गुण देण्याची पद्धत होती. तिच्या निकालांत एक वर्ग असा होता: 'फळ सिद्ध झालेले नाही'. त्या वर्गातल्या कार्यक्रमाचा पैसा कमी करावा, की नीट मोजमाप करता यावे म्हणून थोडा वाढवावा? गुणांवरून याचे उत्तर मिळत नाही. आमचेही तसेच. गळती ४० टक्क्यांवर गेली याचा अर्थ कार्यालय नालायक आहे असा होऊ शकतो, किंवा गेली तीन वर्षे दुरुस्तीला पैसा मिळाला नाही असाही. फळ वाईट म्हणून तरतूद कापली तर दुसऱ्या प्रकारात आपण रोगच वाढवतो. म्हणून फळाच्या आकड्याने तरतूद आपोआप वर-खाली करू नये. त्या आकड्याचा उपयोग नेमका प्रश्न विचारण्यासाठी व्हावा, आणि तो विचारायला आपल्यापुढे कामाचा आकडा, खर्चाचा आकडा आणि फळाचा आकडा तिन्ही एकाच पानावर हवेत.

आता कुलपाकडे येतो. समजा गळतीच्या प्रमुखाने ठरवले की दरवर्षी २० लाख जास्त खर्चून तीन वर्षांत गळती ३८ वरून ३० टक्क्यांवर आणायची. तसे झाले तर तेवढेच ६२ लाख घनमीटर पोहोचवायला ८८ ते ८९ लाख उचलावे लागतील. बदलत्या २४८ लाखांतले सव्वाअकरा टक्क्यांहून थोडे जास्त, म्हणजे २८ लाख दरवर्षी वाचतील. २० घालून २८. शिवाय दाब सुधारेल, नळ्यांत बाहेरचे घाण पाणी शिरण्याचे प्रमाण घटेल. धंद्याचा माणूस यावर दोन मिनिटांत सही करील.

आमच्या पद्धतीत काय होते? दुरुस्ती बाबीत ९० चे ११० होतात, बावीस टक्के वाढ. समितीत पहिला आक्षेप तिथेच येतो. हा प्रमुख वर्षाच्या मध्यावर विजेत काही बचत दाखवूनही ती दुरुस्तीकडे वळवू शकत नाही, कारण बाबी बदलणे म्हणजे पुनर्विनियोजन, त्याला वरची मान्यता लागते आणि ती वर्ष संपत आल्यावर येते. तोवर शिल्लक परत करण्याचा आदेश आलेला असतो. वाचलेली वीज व्यपगत होते. पुढच्या वर्षी विजेची तरतूद गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चावर बेतली जाते, म्हणजे बचत केली त्याचीच तरतूद कमी. आणि पहिली दोन वर्षे फळ दिसत नाही, फक्त खर्च दिसतो. आपण या प्रमुखाच्या जागी असता तर काय केले असते? मी पाहिलेल्या प्रमुखांनी दुरुस्ती गेल्या वर्षीइतकीच मागितली, वीज थोडी वाढवून मागितली, आणि परिशिष्टात 'गळती कमी करण्याचे उद्दिष्ट' लिहिले.

परिशिष्ट निर्जीव का राहते ते यातून कळते. फळाची जबाबदारी ज्याच्यावर टाकली, त्याच्या हातात बाबी नाहीत. बाबी ज्यांच्या हातात, त्यांना फळाचा जाब नाही. भारतातही हीच गोष्ट दोनदा झाली. प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या शिफारशीवरून १९६० च्या दशकाच्या अखेरीस कार्यक्रम अंदाजपत्रके सुरू झाली, २००५ मध्ये फलनिष्पत्ती अंदाजपत्रक आले, आणि २००७-०८ पासून दोन्ही एकाच दस्तऐवजात मिसळली. मागण्यांवर मतदान मात्र वेगळ्याच कागदावरून होत राहिले. अमेरिकेचेही काही वेगळे नाही: १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नियोजन-कार्यक्रम-अंदाजपत्रक ही पद्धत सर्व खात्यांना लावली. काँग्रेस पैसा जुन्याच चौकटीत मंजूर करत राहिली, खाती दोन-दोन हिशेब लिहीत राहिली, आणि १९७१ मध्ये ती पद्धत सोडून दिली.

फ्रान्सने मात्र कुलपाचीच जागा बदलली. २००१ चा त्यांचा अंदाजपत्रक कायदा २००६ पासून पूर्ण लागू झाला. मंजुरी बारीक बाबींवरून काढून कार्यक्रमांवर नेली आणि प्रत्येक कार्यक्रमाला एक जबाबदार अधिकारी दिला. तो आपल्या कार्यक्रमाच्या आत पैसा एका प्रकारच्या खर्चातून दुसऱ्यात नेऊ शकतो, पण एका अटीवर: वेतनाचा पैसा इतर खर्चाकडे वळवता येतो, इतर खर्चाचा पैसा वेतनाकडे वळवता येत नाही. ही एकतर्फी मोकळीक मला फार शहाणपणाची वाटते. मोकळ्या पैशातून भरती करण्याचा मोह सर्वात मोठा असतो, आणि एकदा नेमलेला माणूस पुढची तीस वर्षे अंदाजपत्रकात राहतो. नेमके तेवढेच दार त्यांनी बंद ठेवले.

आपल्याकडे माझी मागणी एवढीच. सगळे अंदाजपत्रक बदलू नका. एकच काम निवडा, वितरण व गळती दुरुस्ती. त्यातील साहित्य, कंत्राटे, वाहने आणि इतर बाबी एकत्र करून एक रक्कम मंजूर करा. त्या रकमेच्या आत पैसा वळवण्याचा अधिकार त्या कामाच्या प्रमुखाला लेखी द्या, वेतनाची अट फ्रान्ससारखी ठेवा. पाणी उचलण्याचा खर्च घटला तर त्या बचतीचा निम्मा भाग दोन वर्षे याच कामाकडे राहील असा ठराव करा; निम्मा आपल्याला मिळतोच. बचत मोजताना लोकांपर्यंत पोहोचलेल्या दर घनमीटर पाण्यामागे विजेचा वापर धरा, बिलाची रक्कम धरू नका, नाही तर दर बदलला की सगळा हिशेब भांडणात जाईल. खरेदीचे नियम, पावत्या, भांडार नोंदी आणि लेखापरीक्षण आहे तसेच राहू द्या. मोकळीक बाबींमध्ये द्यायची आहे, पावत्यांमध्ये नाही.

बदल्यात त्या प्रमुखाकडून दर तिमाहीत एक पान मागा. त्यावर तीन आकडे: सांधलेल्या गळत्या आणि त्यातल्या नव्वद दिवसांत पुन्हा फुटलेल्या किती; कामाबरोबर बदलणारा खर्च; आणि किमान दोन विभागांचा रात्रीचा किमान प्रवाह. आजारांचा रकाना काढून टाका, तो आरोग्य खात्याला द्या. तीन वर्षे हे चालवा. पहिल्या वर्षी आकडे बिघडलेले दिसतील, कारण पूर्वी लपलेली गळती मोजली जाऊ लागेल. त्या वर्षी कुणाची बदली करू नका.

हे एवढेही शक्य नसेल तर परिशिष्ट छापणे बंद करावे, ही दुसरी विनंती. त्यासाठी तीन कारकून दोन रात्री जागतात.

रात्रीच्या प्रवाहाचा तक्ता कसा भरावा याचा नमुना मी हाताने आखून ठेवला आहे. समितीच्या पुढच्या बैठकीआधी कळवल्यास स्वतः आणून देईन. आकड्यांतल्या शंका त्या वेळी समोरासमोर विचाराव्यात. परिशिष्टाबद्दल मला कधी कुणी विचारले नाही, त्यामुळे उत्तरांचा फारसा सराव राहिलेला नाही.

आपला,
एक निवृत्त लेखा अधिकारी